साखळी थांबते, पण नेमकी कोणती? हिल्बर्टच्या बेसिस थिअरममध्ये या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या एम.एस्सी.ची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या मुलांना हिल्बर्टचा बेसिस थिअरम पाठ असतो: k फील्ड असेल तर k[x₁,…,xₙ] मधलं प्रत्येक आयडियल सांत जनरेटरांनी तयार होतं. हिल्बर्टने तो 1890 मध्ये सिद्ध केला. आयडियलांच्या चढत्या साखळीची भाषा एमी नोएथरच्या 1921 च्या लेखाने रूढ केली. थिअरम लिहिता येतो, पण सिद्धता लिहायला बसलं की त्याच त्या तीन-चार जागी पाय घसरतो. त्या जागा एकाच उदाहरणावर दाखवतो.

आधी सिद्धतेचा सांगाडा. R या रिंगमध्ये प्रत्येक चढती साखळी थांबते असं धरा आणि R[y] मध्ये I हे आयडियल सांत जनरेटरांचं नाही असं समजा. I मधून शून्येतर आणि सर्वांत लहान डिग्रीचा f₁ उचला. मग (f₁) च्या बाहेर उरलेल्यांतून सर्वांत लहान डिग्रीचा f₂, मग (f₁, f₂) च्या बाहेरचा f₃, असं पुढे. fᵢ चा लीडिंग कोएफिशियंट aᵢ, डिग्री dᵢ. R मधली (a₁) ⊆ (a₁, a₂) ⊆ … ही साखळी कुठेतरी थांबणारच, म्हणजे एखाद्या m साठी aₘ₊₁ = r₁a₁ + … + rₘaₘ असं लिहिता येतं. आता

g = fₘ₊₁ − Σ rᵢ y^(dₘ₊₁ − dᵢ) fᵢ

घ्या. वरचं पद कटलं, म्हणून g ची डिग्री fₘ₊₁ पेक्षा लहान. g हा I मध्ये आहे, पण (f₁,…,fₘ) मध्ये नाही. असता तर fₘ₊₁ सुद्धा त्यातच आला असता. म्हणजे fₘ₊₁ पेक्षा लहान डिग्रीचा उमेदवार बाहेर शिल्लक होता, आणि तरी आपण fₘ₊₁ उचलला. विसंगती. आता R = k पासून सुरुवात करून एकेक व्हेरिएबल वाढवत न्या.

उदाहरण घेऊ k[x,y] मधलं I = (x², xy, y²). म्हणजे ज्यांत अचर पद नाही आणि एकूण डिग्री 1 चं पदही नाही, असे सगळे पॉलिनॉमियल. इथे R = k[x], आणि डिग्री म्हणजे फक्त y ची डिग्री.

पहिली चूक इथेच होते. xy चा लीडिंग कोएफिशियंट विचारला की उत्तर येतं, "एक!" आणि पुढे, "k फील्ड आहे की सर, भागून टाकायचं, मोनिक करायचं." पण y च्या दृष्टीने xy चा लीडिंग कोएफिशियंट x आहे, आणि k[x] मध्ये x ने भागता येत नाही. सगळं मोनिक करता आलं असतं, तर साखळीची गरजच पडली नसती. फील्ड असण्याचा फायदा इंडक्शनच्या पहिल्या पायरीपुरता: k मध्ये (0) आणि k ही दोनच आयडियल असतात, त्यामुळे तिथली साखळी लगेच थांबते. त्यानंतर rᵢ हे k मधले नसून R मधले असतात. उत्तरपत्रिकेत "rᵢ ∈ k" दिसलं की समजावं, गाडी रुळावरून उतरली.

दुसरी चूक सगळ्यांत महागात पडते: "सर्वांत लहान डिग्रीचा" हे शब्द गाळून "कुठलाही f₁ घ्या" असं लिहायचं. करून बघा. f₁ = y² घेतला, तर a₁ = 1, आणि लीडिंग कोएफिशियंटांची साखळी पहिल्याच पायरीला (1) म्हणजे अख्ख्या k[x] वर पोचली. आता ती वाढू शकत नाही. मग I = (y²) म्हणायचं का? xy तर y² च्या पटीत नाही. बिघाड कुठे झाला ते g च्या सूत्रात दिसतं. xy मधून x·y^(1−2)·y² वजा करावं लागतं, आणि y⁻¹ आपल्या रिंगमध्ये नाही. लहानात लहान डिग्री निवडल्यामुळे d₁ ≤ d₂ ≤ … मिळतं आणि dₘ₊₁ − dᵢ कधीच ऋण होत नाही. सिद्धता तपासताना आधी हा घातांक बघा. तो ऋण का होत नाही याचं कारण लिहिलेलं नसेल, तर सिद्धता अपुरी आहे.

याच चुकीचं एक भावंड आहे: J ⊆ I या दोन आयडियलांचे लीडिंग कोएफिशियंट सारखंच आयडियल बनवतात, म्हणून J = I असं म्हणणं. वर J = (y²) घेतलं, तर दोन्हीकडे (1) च येतं, तरी आयडियल वेगळी आहेत. ज्यांना तुलनेच्या वाटेनेच जायचं आहे, त्यांनी प्रत्येक डिग्रीसाठी वेगळं आयडियल ठेवावं. I साठी डिग्री 0 ला (x²), डिग्री 1 ला (x), डिग्री 2 पासून पुढे (1). (y²) साठी डिग्री 0 आणि 1 ला (0). फरक लगेच उघडा पडतो.

आता नीट निवड करू. y ची डिग्री 0 असलेले I चे घटक म्हणजे x² च्या पटी. नियम फक्त डिग्री बघतो, म्हणून f₁ = x⁵ घेतला तरी चालतं. मग x⁴, x³, x² घेता येतात. डिग्री 0 चे संपले की xy, आणि शेवटी y². साखळी अशी दिसते: (x⁵) ⊂ (x⁴) ⊂ (x³) ⊂ (x²) ⊂ (x) ⊂ (1). सहा घटक उचलले आणि बाहेर काही उरलं नाही.

x⁵ ऐवजी x¹⁰⁰⁰ पासूनही सुरुवात करता आली असती, आणि तिसरी चूक याच मुद्द्यावर होते. साखळी थांबते याचा अर्थ तिच्या लांबीला आधीच ठरलेली मर्यादा आहे असा नाही. प्रत्येक साखळी थांबते, पण सगळ्यांना पुरेल असा एक आकडा नसतो. दिशेचाही गोंधळ होतो: (x) ⊃ (x²) ⊃ (x³) ⊃ … ही उतरती साखळी कधीच थांबत नाही, आणि थिअरमला त्याने काही बाधा येत नाही.

जनरेटर किती लागतील, यावरही मुलं हमखास फसतात. दोन व्हेरिएबल, म्हणून दोन जनरेटर पुरे, असं वाटतं. आपल्या I ला तीन लागतातच. I मधल्या कुठल्याही घटकात एकूण डिग्री 2 पेक्षा लहान पद नाही. त्यामुळे Σ hᵢgᵢ मधला डिग्री 2 चा भाग म्हणजे gᵢ च्या डिग्री 2 च्या भागांना hᵢ च्या अचर पदांनी गुणून केलेली बेरीज. x², xy, y² यांनी बनलेली व्हेक्टर स्पेस तीन डायमेन्शनची, ती दोन g मधून निघणार कशी? याच युक्तिवादाने (x,y)ⁿ ला n+1 जनरेटर लागतात. प्रत्यक्ष जनरेटर हवे असतील, तर विसंगतीची ही सिद्धता ते हातात देत नाही. त्यासाठी बुखबर्गरने 1965 च्या प्रबंधात मांडलेली ग्रोब्नर बेसिसची रीत वापरा.

"साखळी थांबते" वरून "सांत जनरेटर" कडे यायला एकेक जनरेटर जोडत जाणं पुरतं. उलट बाजूला I₁ ⊆ I₂ ⊆ … यांचा युनियन घेतात, आणि तो आयडियल का आहे ते सांगायचं राहून जातं. (x) ∪ (y) आयडियल नाही, कारण x+y त्यात नाही. साखळीत मात्र कुठलेही दोन घटक एका मोठ्या Iⱼ मध्ये एकत्र सापडतात, म्हणून बेरीज बाहेर जात नाही. मग युनियनचे सांत जनरेटरही एकाच Iⱼ मध्ये मावतात, आणि साखळी तिथे थांबते.

शेवटचा सापळा म्हणजे थिअरम जिथे लागू नाही तिथे लावणं. व्हेरिएबल अनंत असले, तर (x₁) ⊂ (x₁,x₂) ⊂ … थांबत नाही. इंडक्शन प्रत्येक सांत n पर्यंतच पोचतं. आणि k[x,y] नोएथेरियन म्हणून तिच्या सबरिंगही तशाच, हेही खोटं. k[x, xy, xy², …] ही सबरिंग घ्या आणि तिच्यात x, xy, xy², … यांनी तयार होणारं आयडियल बघा. या रिंगमधल्या प्रत्येक अचर नसलेल्या पदात किमान एक x असतो, त्यामुळे अशा दोन पदांच्या गुणाकारात x ची डिग्री किमान 2 होते. मग xy³ मिळवायला x, xy, xy² यांना फक्त k मधल्या अचरांनी गुणता येतं, आणि त्यातून xy³ निघत नाही. xy⁴ चंही तेच, आणि पुढे सगळ्यांचं तसंच.