मॅनेजरविरुद्धच्या तक्रारीला पहिलं लेखी उत्तर

एचआरमध्ये नवीन असताना मॅनेजरविरुद्धची लेखी तक्रार हाती आली की पहिला प्रश्न पडतो तो उत्तरात काय लिहायचं हा. तक्रार खरी की खोटी हे अजून कुणालाच माहीत नसतं. गोड लिहावं तर कंपनीने चूक मान्य केली असा अर्थ निघतो आणि कोरडं लिहावं तर माणूस दुखावतो. मी बरीच वर्षं ही पत्रं लिहितो आणि इतरांनी लिहिलेली तपासतो. इथे मी फक्त पहिल्या उत्तराबद्दल लिहिणार आहे, म्हणजे तक्रार मिळाल्यावर आणि चौकशी सुरू होण्याआधी जातं ते. चौकशीनंतरचं निकालाचं पत्र हा वेगळा विषय आहे.

आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या एका सहकाऱ्याकडे आलेली तक्रार उदाहरणादाखल घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तक्रार करणाऱ्या बाईंनी लांबलचक मेल लिहिला होता. त्याचा गाभा असा: गेले चार महिने शनिवार-रविवारची शिफ्ट सतत त्यांच्याच वाट्याला येते. एका मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, ‘जमत नसेल तर सोडून दे.’ अप्रेझलमध्ये रेटिंग ४ वरून ३ वर आणलं, तेही समोर बसवून चर्चा न करता. मॅनेजर पक्षपाती आहेत. या सगळ्यामुळे झोप उडाली आहे, ऑफिसला यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

सहकाऱ्याने केलेला पहिला ड्राफ्ट असा होता:

‘आपल्या मॅनेजरच्या वागणुकीमुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कंपनी दिलगीर आहे. आम्ही त्यांना समज दिली असून असे पुन्हा होणार नाही याची खात्री देतो.’

माणुसकीने लिहिलेली दोन वाक्यं आहेत, पण त्यांत कबुल्या किती आहेत बघा. ‘वागणुकीमुळे झालेल्या’ म्हटल्यावर त्रासाचं कारण मॅनेजर आहेत हे कंपनीनेच ठरवलं. ‘समज दिली’ म्हणजे समज देण्याजोगं काहीतरी घडलं होतं. आणि ‘पुन्हा’ या एका शब्दाने ते एकदा घडलंच होतं हे मान्य झालं. मॅनेजरची बाजू तोवर कुणी ऐकलेलीही नव्हती, म्हणजे हे पत्र त्यांच्यावरही अन्याय करणारं होतं. पुढे चौकशीत काही सिद्ध झालं नाही, तर बाई हेच पत्र पुढे करून विचारणार की तेव्हा मान्य केलंत, आता का फिरलात? त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

मी हे सांगितल्यावर दुसरा ड्राफ्ट थेट दुसऱ्या टोकाला गेला: ‘आपण केलेले कथित आरोप कंपनी मान्य करत नाही. संबंधित मॅनेजर अनुभवी असून त्यांच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही.’ नवीन माणसाचं हे असंच होतं. खरं तर या दोन्ही ड्राफ्टमध्ये दोष एकच आहे. चौकशी व्हायच्या आधीच दोन्ही निकाल देऊन मोकळे होतात, एक बाईंच्या बाजूने आणि दुसरा मॅनेजरच्या. शिवाय ‘कथित’ शब्द वाचणाऱ्याला खोटेपणाचा शिक्का वाटतो आणि मॅनेजरचं प्रशस्तिपत्र तर त्या पत्रात कुणी मागितलेलंच नसतं.

यातून वाट काढण्यासाठी मी लिहायला बसण्याआधी तक्रारीची प्रिंट काढतो आणि प्रत्येक वाक्याशेजारी एक खूण करतो. हे वाक्य घडलेली गोष्ट सांगतं, तक्रारदाराचं मत सांगतं, की तिच्यावर झालेला परिणाम सांगतं? शिफ्ट, मीटिंगमधलं वाक्य आणि रेटिंग या घटना. ‘पक्षपाती आहेत’ हे मत. झोप उडणं हा परिणाम. या तिन्हींना उत्तर देण्याची रीत वेगळी आहे.

घटना तिच्याच म्हणण्यानुसार नोंदवायची: ‘आपण नमूद केले आहे की…’ यात ती घडली असंही आपण म्हणत नाही आणि घडली नाही असंही नाही. मत शक्यतो तिच्याच शब्दांत घ्यायचं, सौम्य करायचं नाही. तिने ‘पक्षपात’ लिहिलं असेल तर आपण ‘काही गैरसमज’ लिहू नये, त्या बदलात आपला कल दिसतो. परिणाम मात्र मोकळेपणाने मानायचा. तिला झोप लागत नाही हे तिच्याइतकं दुसरं कुणीच जाणत नाही, त्यामुळे त्याला ‘आपल्या म्हणण्यानुसार’ची शेपटी लावणं हा निव्वळ कोतेपणा आहे. सहानुभूती दाखवायची ती इथे, आणि ती दाखवल्याने कसलीही जबाबदारी अंगावर येत नाही. अट एवढीच की परिणाम आणि घटना यांना ‘मुळे’ने जोडायचं नाही. तो जोड खरा आहे का, हेच तर चौकशीत ठरायचं असतं.

शेवटी गेलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

‘आपली तक्रार आम्हाला मिळाली असून ती आम्ही काळजीपूर्वक वाचली आहे. आपण तीन बाबी नमूद केल्या आहेत: गेल्या चार महिन्यांतील शनिवार-रविवारच्या शिफ्टचे वाटप, टीम मीटिंगमध्ये आपल्याला उद्देशून केलेले विधान, आणि चर्चा न करता दिलेले अप्रेझलचे रेटिंग. या बाबींतून मॅनेजर आपल्याशी पक्षपाताने वागतात, असे आपले म्हणणे आहे. यात काही राहून गेले असल्यास किंवा चुकीचे नोंदले असल्यास कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.

आपल्याला झोप लागत नाही आणि कामावर येताना भीती वाटते, हे वाचून वाईट वाटले. हे लिहून कळवणे सोपे नसते, याची आम्हाला जाणीव आहे.

या बाबींची चौकशी आपल्या विभागाबाहेरील अधिकारी करतील. ते आपल्याशी, आपल्या मॅनेजरशी आणि गरजेनुसार इतरांशी बोलतील. दोन्ही बाजू ऐकून झाल्याशिवाय आम्ही कोणताही निष्कर्ष काढणार नाही.’

त्यापुढे अधिकाऱ्याचं नाव, भेटीची तारीख आणि निष्कर्ष कधीपर्यंत कळवला जाईल ते होतं. कंपनीच्या धोरणात मुदत दिलेली असेल तर तीच लिहा. स्वतःच्या उत्साहात त्याहून लवकरची तारीख देऊ नका, कारण ती चुकली की तीच नवी तक्रार होते.

‘वाईट वाटले’ हे वाक्य नीट पाहा. ‘आपल्याला तसे वाटले याबद्दल खेद आहे’ असं बरेच जण लिहितात आणि आपण सुरक्षित राहिलो असं समजतात. वाचणाऱ्याला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की प्रश्न तुझ्या वाटण्यात आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या वाक्याने फारसं काही वाचत नाही आणि माणूस मात्र तुटतो.

या प्रकरणात एक अडचणीची गोष्ट होती. अप्रेझलच्या फॉर्मवर चर्चेच्या तारखेचा रकाना रिकामा होता आणि ते सिस्टीममध्ये कुणालाही दिसत होतं. सहकाऱ्याचा प्रश्न होता, हे लिहायचं की टाळायचं? माझं मत स्पष्ट आहे. जे कागदावर निर्विवाद आहे ते नाकारू नये, टाळूही नये. आपण लिहिलं: ‘आपल्या अप्रेझल फॉर्मवर चर्चेच्या तारखेची नोंद नाही, असे प्राथमिक पाहणीत आढळले. चर्चा झाली होती का आणि नोंद का नाही, हे चौकशीत पाहिले जाईल.’ इथे रकाना रिकामा आहे एवढंच मान्य झालं. चर्चा झालीच नाही, किंवा मुद्दाम केली नाही, असं त्यातून निघत नाही. जबाबदारी मान्य न करणं आणि माहीत असलेलं लपवणं यात मोठं अंतर आहे. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली तर उरलेल्या पत्रावरचाही विश्वास जातो.

दुसरी नाजूक जागा तात्पुरत्या व्यवस्थेची. चौकशी संपेपर्यंत बाईंचं रोस्टर दुसऱ्या मॅनेजरने लावावं असं ठरलं. नुसतं तेवढं लिहिलं असतं तर दोन्ही बाजूंनी त्यातून निकाल वाचला असता. म्हणून वाक्य जोडलं: ‘ही व्यवस्था चौकशीपुरती असून त्यावरून कोणाच्याही बाबतीत निष्कर्ष काढलेला नाही.’ आणि एक पथ्य: अशी व्यवस्था तक्रारदारालाच हलवून करू नये, निदान तिला विचारल्याशिवाय तरी नाही. तिची बदली केली तर तक्रार केल्याची शिक्षा झाली असं दिसतं, मग पत्रातली भाषा कितीही तोलून लिहिलेली असो.

तक्रार केल्याबद्दल कुणी त्रास दिला तर तो खपवून घेतला जाणार नाही, हे वाक्यही हवं, आणि तसा त्रास झाल्यास कुणाला कळवायचं तेही. गोपनीयतेचं वचन मात्र जपून द्या. ‘हे कुणालाही कळणार नाही’ असं लिहिता येत नाही, कारण उत्तर देण्यासाठी मॅनेजरला तरी मुद्दे कळवावेच लागतात. ‘चौकशीसाठी ज्यांना माहिती असणे आवश्यक आहे त्यांच्यापुरतेच’ हे खरं आणि पाळता येण्याजोगं वचन आहे.

पत्राच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ टाकलं की सगळं सुरक्षित, असा एक समज आहे. तो शिक्का मुळात तडजोडीच्या बोलण्यांसाठी असतो. वाद मिटवण्यासाठी एक बाजू काही देऊ करते, ते पुढे तिच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये म्हणून. तक्रारीची पोच ही तडजोड नव्हे, तिच्यावर हे शब्द टाकल्याने आतली कबुली पुसली जात नाही. उलट हे पत्र आपणच पुढे कधीतरी अभिमानाने दाखवावं अशा बेताने लिहायचं असतं, की तक्रार वेळेत घेतली, मुद्दे नीट नोंदले, निष्पक्ष चौकशी नेमली.

पत्रापेक्षा धोका त्याच्या आसपासच्या लिखाणात जास्त असतो. पत्र अगदी मोजूनमापून लिहायचं आणि त्याच दुपारी मॅनेजरला चॅटवर ‘काळजी करू नका, आपण बघून घेऊ’ असं पाठवायचं, हे मी पाहिलं आहे. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर असे मेल आणि चॅटही मागवले जाऊ शकतात. मॅनेजरलाही त्याच तोलाचं लेखी कळवावं: आपल्याविरुद्ध असे मुद्दे आले आहेत, आपली बाजू ऐकली जाईल, तोवर तक्रारदाराशी याविषयी बोलू नये. आणि बाईंना जाणाऱ्या पत्राचा ड्राफ्ट मॅनेजरला तपासायला देऊ नये.

हा सगळा साचा रोजच्या कामातल्या वागणुकीच्या तक्रारीसाठी आहे. तक्रारीत लैंगिक छळ, जात, धर्म किंवा गरोदरपणावरून भेदभाव, पगार अडवणं किंवा मारहाण यांचा उल्लेख असेल, किंवा सोबत वकिलाची नोटीस आली असेल, तर एचआरने एकट्याने उत्तर लिहू नये. तिथे कायद्याने ठरवलेली समिती किंवा कार्यपद्धती असू शकते. वकिलाचा सल्ला येईपर्यंत फक्त तक्रार मिळाल्याची तारखेसह पोच द्यावी.

आमच्या प्रकरणात बाईंचं उत्तर शुक्रवारच्या आतच आलं. एक दुरुस्ती होती: शिफ्टचा प्रकार त्या मीटिंगनंतर नव्हे, आधीपासून सुरू होता, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही ती दुरुस्ती मूळ मुद्द्यांना जोडली, ‘आपण कळवल्याप्रमाणे’ या शब्दांसह, आणि चौकशी अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी मागवलं ते त्याआधीच्या महिन्यांचं रोस्टर.