घरबसल्या पेन्सिल पॅकिंगचं काम? 620 रुपये भरायच्या आधी हे तपासा

भांडुपला आमच्या मजल्यावर एक वहिनी राहतात, मुलगी नववीत, नवऱ्याची नाईट ड्युटी, त्यामुळे बाहेर जाऊन नोकरी करणं जमत नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांना फेसबुकवर एक जाहिरात दिसली. घरी बसून पेन्सिल पॅकिंग, महिना 30,000 पगार, 15,000 ॲडव्हान्स, माल घरपोच येणार आणि घरूनच उचलणार. फोटोत एका बाईच्या घरात पेन्सिलींचे ढीग आणि खाली नंबर, सगळ्यांना माहीत असलेल्या पेन्सिल ब्रँडचं नाव वापरलेलं. आठ दिवसांत वहिनींचे 12,968 रुपये गेले आणि घरात एक पेन्सिल आली नाही. हे सगळं कसं घडलं ते त्यांनी मला मोबाईल दाखवून सांगितलं, म्हणून त्यांच्याच केसवरून लिहितोय, म्हणजे तुम्हाला असा मेसेज आला तर नेमकं कुठे थांबायचं ते कळेल.

आधी मजुरीचा हिशोब करा

वहिनींना सांगितलेलं की रोज 50 पाकिटं भरायची, एका पाकिटात 10 पेन्सिली. महिन्याची झाली 1,500 पाकिटं. 30,000 भागिले 1,500 केलं की एका पाकिटाला 20 रुपये मजुरी पडते. आता दुकानात जाऊन बघा, साध्या पेन्सिलींचं दहाचं पाकीट पन्नास-साठ रुपयांना मिळतं आणि त्यात लाकूड, शिसं, रंग, गाडीभाडं, होलसेलवाला, दुकानदार सगळ्यांचं आलं. नुसत्या पेन्सिली पाकिटात सरकवायला त्यातले 20 रुपये कोण देईल? आणि मोठ्या कारखान्यात पाकिटं मशीनवर भरली जातात, त्यासाठी टेम्पो भरून माल चाळीत पाठवायचा आणि परत न्यायचा हे त्यांना परवडणारच नाही.

मुंबईत घरून करायचं नगावरचं काम खरंच आहे, नाही असं नाही. मालाडला इमिटेशन ज्वेलरीचं काम आहे, खडे चिकटवायचे, मणी ओवायचे, किती बायका करतात. लिज्जत पापड तर 1959 साली गिरगावात सात बायकांनी सुरू केलं, तिथे बायका केंद्रावर जाऊन पीठ घेतात, घरी पापड लाटतात, परत नेऊन देतात आणि मजुरी किलोवर मिळते. या सगळ्या खऱ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे, तुम्ही कुठेतरी जाता, कोणीतरी माल हातात देतो आणि मजुरी नगावर किंवा वजनावर ठरलेली असते, ती थोडीच असते. काम सोपं आणि पगार महिन्याचा फिक्स, वर हातात काही काम यायच्या आधीच ॲडव्हान्स, असं दिसलं की तिथेच खोट समजायची.

पैसे कुठल्या बाजूला चाललेत ते बघा

वहिनींनी व्हॉट्सॲपवर हाय केलं, लगेच आधार, पॅन, फोटो आणि घराचा फोटोपण मागितला. तासाभरात त्यांच्या फोटोचं रंगीत ओळखपत्र आलं, गोल शिक्का, खाली मॅनेजरची सही. त्यांना वाटलं, कार्ड बनलं म्हणजे नोकरी लागली. मग मेसेज आला, रजिस्ट्रेशन फी 620 रुपये, पहिल्या पगारात परत मिळेल.

ही रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. 620 रुपयांसाठी कोणी नवऱ्याला विचारत नाही, आणि एकदा ते गेले की पुढचे मागायला सोपं जातं कारण आता आधीचे सोडवायचे असतात. वहिनींच्या बाबतीत पुढे ॲग्रीमेंटचे 1,850 आले. मग माल निघाला म्हणून टेम्पोचा फोटो आला आणि ड्रायव्हर म्हणवणाऱ्याचा फोन, "मॅडम, मैं मुलुंड चेकनाके पे खडा हूँ, सिक्युरिटी का 2,999 डालो तभी गाडी छोडेंगे." ते टाकले तर ऑफिसवाला म्हणतो रिमार्कमध्ये ऑर्डर नंबर लिहिला नाही, सिस्टिमने घेतलं नाही, परत 2,999 टाका, आधीचे आपोआप रिटर्न होतील. घाबरून तेही टाकले. शेवटी 15,000 ॲडव्हान्स ट्रान्सफर केल्याचा स्क्रीनशॉट आला आणि खाली लिहिलेलं, रक्कम जीएसटीमुळे अडकलीय, 4,500 भरा.

कामाला लावणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. फीचं नाव काहीही असो, रजिस्ट्रेशन, फाईल चार्ज, आयडी कार्ड, कुरिअर, ट्रेनिंग किट, आणि पुढे रिफंडेबल लिहिलेलं असलं तरी काही फरक पडत नाही. पगारावर जीएसटी नसतोच. आणि खरंच काही कापायचं असेल तर कंपनी पगारातून कापून घेईल ना, तुमच्याकडून आधी कशाला मागेल.

आता काही छोटे कारखानदार घरी न्यायच्या कच्च्या मालासाठी खरंच डिपॉझिट घेतात, ते मान्य. पण ते त्या गाळ्यात जाऊन, माल डोळ्याने बघून, पावती घेऊन द्यायचं, आणि तिथून आधीपासून काम नेणाऱ्या एखाद्या बाईशी बोलून मगच. फोनवर कधीच नाही.

नाव तपासा, पण बरोबर जागी

लोक काय करतात, त्या माणसालाच विचारतात की तुम्ही खरे आहात ना, मग तो सर्टिफिकेट पाठवतो. त्याने पाठवलेल्या कुठल्याच कागदावरून काही सिद्ध होत नाही. घरात त्या ब्रँडचं पेन्सिलचं पाकीट असेलच, ते उलटं करा, मागे कंपनीचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो. तिथे फोन करून विचारा की घरी पॅकिंगला काम देता का. जाहिरातीतला नंबर आणि पाकिटावरचा नंबर वेगळा निघाला की जाहिरातवाल्याशी पुढे बोलूच नका.

जीएसटी नंबर दिला असेल तर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकून बघता येतो, कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर 27 ने सुरू होतो. पण यात एक मेख आहे, हे लोक बरेचदा खऱ्या कंपनीचाच नंबर उचलून वापरतात, त्यामुळे नंबर खरा निघाला म्हणजे माणूस खरा असं होत नाही. म्हणून त्याहून सोपी आणि पक्की खूण सांगतो. युपीआयवर पैसे पाठवायच्या आधी, पिन टाकायच्या स्क्रीनवर, ज्याच्या खात्यात जाणार त्याचं बँकेतलं नाव येतं. वहिनींच्या पाच पेमेंटमध्ये तीन वेगवेगळी नावं होती, दोन कुठल्यातरी माणसांची आणि एक मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. कंपनीचं एकदाही नाही. ही भाड्याने घेतलेली खाती असतात, पैसे आले की थोड्या वेळात पुढे दुसरीकडे जातात. ते नाव वाचायला दोन सेकंद लागतात आणि घाईत आपण तेच वाचत नाही.

अजून एक, ॲडव्हान्स घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर तो बघूच नका, आपलं पासबुक किंवा बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघा.

धमकी आली तर

वहिनींनी 4,500 भरल्यावर परत 6,000 मागितले, तेव्हा त्या म्हणाल्या मला काम नको, माझे पैसे द्या. लगेच भाषा बदलली. ॲग्रीमेंट मोडलं, कोर्टाची नोटीस येईल, पोलीस घरी येतील, आणि पोलिसाच्या वर्दीतला डीपी असलेल्या नंबरवरून फोन. त्या रात्री त्या माझ्या बायकोकडे रडत आल्या, चाळीत पोलीस आले तर लोक काय म्हणतील याचीच भीती. खरं सांगायचं तर काम करायला नकार दिला म्हणून पोलीस कोणाला पकडत नाहीत, तो गुन्हाच नाही. गुन्हा त्यांनी केलाय, फसवणुकीचा. अशा वेळी फोन उचलू नका, पण चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

पैसे गेलेच असतील तर पहिला तास

1930 ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे. लागला नाही तर लावत राहा आणि तोपर्यंत cybercrime.gov.in वर तक्रार भरायला घ्या. हातात काय ठेवायचं? प्रत्येक पेमेंटची तारीख, रक्कम आणि युटीआर नंबर, तो 12 आकडी असतो, युपीआय ॲपच्या हिस्टरीत त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो. त्यावरून समोरच्या खात्यातली रक्कम रोखायला बँकेला कळवलं जातं. जितकी रक्कम अजून त्या खात्यात पडून आहे तितकीच रोखता येते, म्हणून तास महत्त्वाचा. तक्रारीचा नंबर जपून ठेवा, आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोलीस स्टेशनला जा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, ती कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते.

वहिनींचं पेमेंट संध्याकाळी झालेलं, आम्ही त्याच रात्री 1930 ला लावला, तर शेवटचे 4,500 समोरच्या खात्यात होल्ड झाले. आधीचे 8,468 तोवर पुढे निघून गेले होते. होल्ड झाले म्हणजे लगेच हातात आले असं नाही, ते परत मिळवायचं काम अजून चालू आहे. आणि बँक भरून देईल ही आशा इथे धरू नका, पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे न विचारता खात्यातून काढलेल्या पैशांचा नियम इथे लागू होत नाही.

आधार-पॅन दिलेत त्याचं पण बघायला लागतं. sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तर तिथेच कळवता येतं. आणि क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दोन-तीन महिन्यांनी काढून बघा की आपल्या नावावर कोणी लोन तर उचललं नाही.

महिन्याभराने वहिनींना परत एक फोन आला, आम्ही सायबर सेलचे वकील, तुमचे पूर्ण पैसे परत आणतो, फक्त फाईल फी 1,100. वहिनींचा नंबर, नाव आणि किती रुपये गेले ते सगळं त्याला माहीत होतं, कारण ही यादी त्याच लोकांकडे असते. वहिनींनी फोन ठेवला, तो नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन आधीच्या तक्रारीला जोडून दिला.