खर्च व्हाउच करायचा की व्हेरिफाय? तीन व्हाउचरवरून सांगतो

बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला ऑडिटिंग घेतलेल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो आणि माझाही झाला होता, कारण आर्टिकलशिपला लागलो तेव्हा सीनियर रोज म्हणायचे "जरा हे खर्च व्हेरिफाय करून टाक" आणि पुस्तकात लिहिलेलं की व्हेरिफिकेशन मालमत्ता आणि देण्यांचं असतं. मग खर्चाचं कसं काय? तर ऑफिसात बोलताना व्हेरिफाय म्हणजे नुसतं तपास. पेपरात मात्र असं लिहू नका, तिथे खर्चाचं होतं ते व्हाउचिंग, म्हणजे वहीतली नोंद तिच्या कागदाशी जुळवून बघणं.

आधी साधं व्हाउचर घ्या. एका होलसेल दुकानाच्या ऑडिटला १४ जुलै २०२३ चं हमालीचं व्हाउचर होतं, रोख १,८५० रुपये. हमाल काही बिल देत नाही, त्यामुळे पुरावा म्हणून दुकानानेच बनवलेला हा कागद. त्यावर काय बघायचं, तर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आहे का, मालकाची किंवा मॅनेजरची मंजुरीची सही आहे का, आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम एकच आहे का आणि रोजमेळात तीच तारीख तीच रक्कम हमाली खात्याला पडलीये का. एवढं जुळलं तरी मी टिक केली नाही, कारण माल आवक रजिस्टरला १४ तारखेला काहीच आलेलं नव्हतं, मग हमाली कसली? अकाउंटंटला विचारलं तर म्हणाले गाडी १३ ला रात्री आली, उतरवली दुसऱ्या दिवशी सकाळी. १३ तारखेची बिल्टी काढून दाखवली तेव्हा टिक. घरच्या घरी बनवलेल्या व्हाउचरला असा बाहेरचा एखादा कागद शोधायचाच, नुसत्या सहीवर जाऊ नका, सही कोणीही करतो. हे झालं व्हाउचिंग, आणि हा खर्च इथेच संपला, ३१ मार्चला त्याचं काहीच शिल्लक राहत नाही.

आता दुसरं, गोडाऊनच्या विम्याचा हप्ता. १ ऑक्टोबर २०२३ चं पेमेंट व्हाउचर, चेकने २४,००० (जीएसटी बाजूला ठेवू). सोबत विमा कंपनीची पावती आणि बँक स्टेटमेंटला चेक पास झालेला, म्हणजे सगळं चोख वाटतं. पण पॉलिसी उघडून बघायचीच, एक म्हणजे विमा दुकानाच्या मालाचा आहे की मालकाच्या घरच्या गाडीचा हे तिथेच कळतं, घरचा निघाला तर तो खर्च नाही, उचल आहे. आणि दुसरं म्हणजे मुदत. इथे मुदत होती १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४, म्हणजे ३१ मार्च २०२४ ला बरोबर अर्धी संपलेली. खर्चात १२,००० आणि उरलेले १२,००० आगाऊ भरलेला विमा म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला. या दुसऱ्या १२,००० ला आता व्हाउचिंग पुरत नाही, कारण व्हाउचर एवढंच सांगतं की ऑक्टोबरमध्ये पैसे गेले. ३१ मार्चला पॉलिसी चालू आहे ना, मधेच रद्द करून पैसे परत तर घेतले नाहीत ना, दुकानाच्याच नावावर आहे ना, आणि उरलेल्या महिन्यांचा हिशोब बरोबर आहे ना, हे बघणं म्हणजे व्हेरिफिकेशन. एकाच व्हाउचरमधून दोन्ही कामं निघाली, म्हणून शिकवायला मला हेच उदाहरण सगळ्यात आवडतं.

तिसऱ्यात तर गंमत अशी की व्हाउचरच नाही. वर्षभराचे वीजबिलाचे व्हाउचर मी एकेक करून तपासले, सगळे बरोबर, आणि सीनियरने विचारलं "मोजलेस किती?" मोजले तर अकराच. मार्चचं ९,३४० चं बिल १२ एप्रिलला भरलेलं, त्यामुळे त्याची नोंद पुढच्या वर्षात गेलेली. व्हाउचिंग वहीतल्या नोंदीपासून सुरू होऊन कागदाकडे जातं, मग जी नोंदच नाही ती त्यात सापडणार कशी? ती सापडते देण्यांच्या व्हेरिफिकेशनमध्ये. त्यासाठी एप्रिल-मेचे पेमेंट व्हाउचर काढायचे आणि प्रत्येकाला विचारायचं की हा खर्च कुठल्या महिन्याचा. मार्चचा असेल आणि देणं दाखवलं नसेल तर वीज खर्च नावे, देय वीजबिल जमा, ९,३४०. नफा तेवढ्याने कमी होतो. भाडं, पगार, ऑडिट फी, फोनबिल यांचंही असंच बघा, महिन्याचा खर्च असेल तर आधी बारा मोजायचे आणि मग टिक करायला घ्यायचं.

पेपरात फरक विचारला तर बरेच जण तक्ता पाठ करून लिहितात, त्याखाली हे विम्याचं उदाहरण आकड्यांसकट लिहा, व्हाउच केले २४,००० आणि व्हेरिफाय केले १२,०००.