बंदी उठली, होडी काढताय? आधी मशीनची टाकी बघा

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली की सगळ्यांना घाई होते आणि दोन महिने पडून असलेलं आउटबोर्ड मशीन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. ९९ टक्के लोक प्लगलाच दोष देतात. मी सांगतो आधी पेट्रोल बघा. मे महिन्यात उरलेलं मिक्स पेट्रोल टाकीत तसंच राहिलेलं असतं, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि तळाला बसतं.

गेल्या वर्षी आमच्या खाडीत शेजारच्याचं मशीन असंच अडलेलं, दोन मिनिटं चालायचं की बंद. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवलं तर वर हिरवट पेट्रोल आणि खाली बोटभर स्वच्छ थर, ऑइल सगळं वरच्या थरातच राहिलेलं. नळी ओढते तळातलं, म्हणजे मशीनला ऑइलच नाही, असं चालवत राहिलं असतं तर पिस्टन जॅम. मग टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून तिथलं पाणी सोडलं, नवीन पेट्रोल घातलं आणि तिसऱ्या ओढीला सुरू झालं.

टू स्ट्रोकला साधारण पन्नासला एक मिक्स चालतं, म्हणजे १० लिटरला २०० मिली, पण नव्या मशीनला सुरुवातीच्या रनिंगमध्ये ऑइल जास्त लागतं, म्हणून तुमच्या मशीनच्या पुस्तकातलंच माप धरा. ऑइल पाण्यातल्या मशीनचंच घ्या, मोटरसायकलचं नको. लागेल तेवढंच मिक्स करा.

पेट्रोल ठीक असेल तर मग हे बघा. लाल चावीची क्लिप बसलीय का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. नळीवरचा फुगा दाबून घट्ट होत नसेल तर नळी कुठेतरी हवा घेतेय. फुगा घट्ट आणि प्लग कोरडा म्हणजे बहुतेक कार्ब्युरेटरचा जेट चोंदलाय. प्लग ओलाचिंब असेल तर चोक बंद करून प्लग काढा, स्पार्कची वायर अर्थ करून ठेवा आणि आठदहा वेळा दोरी ओढा, मग प्लग पुसून लावा.

आणि खाऱ्या पाण्यातून आलात की रोज नाही जमलं तरी दोनतीन दिवसांनी पिंपात गोडं पाणी भरून, पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतकं, न्यूट्रलला १० मिनिटं चालवा. मागच्या भोकातून पाण्याची धार येतेय का बघा, धार नसेल तर लगेच बंद करा, इम्पेलर गेलाय किंवा भोकात मीठ बसलंय. शेवटी पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीत फारसं काही उरत नाही, आणि उभंच ठेवा.