नो कॉस्ट ईएमआयवर फोन घेताय? हिशेबातल्या या चुका टाळा

तीस हजारांचा फोन, पाच हजारांचे सहा हप्ते, बेरीज तीस हजार. म्हणजे व्याज शून्य. नो कॉस्ट ईएमआयवर फोन घेणारे बहुतेक जण इतकाच हिशेब करतात. बेरजेत काही चूक नाही. पण मुळात त्या फोनची किंमत तीस हजार आहे का, हे कुणी तपासत नाही, आणि व्याज नेमकं तिथंच लपलेलं असतं.

पैसे पुरवणारी बँक किंवा फायनान्स कंपनी सहा महिने फुकट थांबत नाही. तिचं व्याज कुणीतरी भरतंच. कधी फोन बनवणारी कंपनी भरते, कधी दुकानदार आपल्या नफ्यातून सोडतो, आणि बऱ्याचदा ते किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, आणि क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुतेकदा प्रोसेसिंग फीच्या रूपात घेतलं जातं, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यानंतर योजनांची नावं आणि रचना बदलल्या, पण व्याज कुणीतरी भरतं हे काही बदललेलं नाही.

पहिली चूक: रोखीचा भाव न विचारता हप्त्याचं बोलायला सुरुवात करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात बोलणं साधारण असं होतं:

"दादा, हा केवढ्याला?"

"तीस हजार. हप्त्यावर घ्या की, व्याज काही नाही. महिन्याला पाचच हजार."

"आणि आत्ता सगळे यूपीआयनं दिले तर?"

"मग बसवू की भावा. अठ्ठावीस पाचशेला देतो."

"पक्कं बिल, जीएसटीचं?"

"पक्कं बिल."

या बोलण्यात खरी किंमत कळली: २८,५०० रुपये. हप्त्याचा भाव त्याहून १,५०० रुपयांनी जास्त आहे. आता फायनान्सवाल्या मुलाला प्रोसेसिंग फी विचारायची. समजा ती १९९ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३५ रुपये होतात आणि ते सुरुवातीलाच भरावे लागतात. एकूण जादा गेले १,७३५.

आकडा फार मोठा वाटत नाही. २८,५०० वर १,७३५ म्हणजे सहा टक्के आणि थोडं वर. इथंच दुसरी गल्लत होते. हे सहा टक्के वर्षाचे नाहीत, सहा महिन्यांचे आहेत. शिवाय पूर्ण रक्कम सहा महिने तुमच्याकडे राहतही नाही. पहिल्याच महिन्यात पाच हजार परत जातात, दुसऱ्या महिन्यात आणखी पाच, आणि शेवटच्या महिन्यात तर तुमच्याकडे त्यांचे जेमतेम पाच हजार उरलेले असतात. व्याजदर काढायचा तो या घटत जाणाऱ्या रकमेवर. मोबाइलवर गुगल शीट्स किंवा एक्सेल उघडून एका चौकटीत हे लिहा:

```
=RATE(6,-5000,28265)*12
```

६ म्हणजे हप्त्यांची संख्या आणि ५,००० म्हणजे हप्ता. २८,२६५ म्हणजे रोखीच्या भावातून सुरुवातीला भरलेली फी वजा केल्यावर उरलेली रक्कम, म्हणजे प्रत्यक्षात तुम्हाला मिळालेलं कर्ज. उत्तर ०.२०७ च्या आसपास येतं. वर्षाला जवळपास २०.७ टक्के.

शीट उघडायची नसेल तर दुकानातच कॅल्क्युलेटरवर जमेल असा आडाखा आहे. एकूण जादा रकमेला २४ नं गुणा. मग रोखीच्या भावाला हप्त्यांच्या संख्येपेक्षा एकानं जास्त आकड्यानं गुणा, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. इथं १,७३५ गुणिले २४, भागिले २८,५०० गुणिले ७. उत्तर २०.९ टक्के. शीटच्या उत्तराच्या इतकं जवळ, की निर्णयाला पुरेसं आहे.

रोखीचा भाव विचारताना एक काळजी घ्या. "बिल नको असेल तर आणखी कमी करतो" असा भाव तुलनेला धरू नका. बिलाशिवाय वॉरंटीला अडचण येते, म्हणून ती वेगळीच वस्तू झाली. क्रेडिट कार्ड स्वाइप करून पूर्ण पैसे द्यायचा भावही वेगळा असू शकतो, कारण काही दुकानदार कार्डाचा खर्च वर लावतात. यूपीआयनं किंवा डेबिट कार्डानं, पक्क्या बिलासह, त्याच रंगाच्या आणि त्याच स्टोरेजच्या फोनचा भाव विचारा. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर त्याचा भावही दोन्ही बाजूंनी विचारून घ्या. हप्त्याच्या योजनेत जुन्या फोनचे पैसे कमी धरले, तर फरक तिथं लपतो.

दुसरी चूक: पहिला हप्ता काउंटरवर भरून "एक हप्ता संपला" असं समजणं

दुकानातल्या फायनान्स योजनांत बऱ्याचदा एक किंवा दोन हप्ते आगाऊ घेतात. ऐकायला बरं वाटतं, ओझं कमी झाल्यासारखं. वरच्याच उदाहरणात पहिले पाच हजार फोन घेतानाच दिले, तर तुमच्या हातात कर्ज उरलं २३,२६५ रुपयांचं, आणि तेही पाच हप्त्यांसाठी. जादा गेलेले १,७३५ मात्र तेवढेच राहिले. शीटमध्ये `=RATE(5,-5000,23265)*12` टाकून बघा. दर २९ टक्क्यांच्या वर जातो.

म्हणून दोन योजनांची तुलना करताना नुसती एकूण रक्कम बघून चालत नाही. कोणत्या दिवशी किती पैसे खिशातून जातात हे कागदावर लिहून काढा. त्याच कागदावर मोबाइल प्रोटेक्शन, वाढीव वॉरंटी, कर्जाचा विमा, ईएमआय कार्डाची फी असल्या ओळीही येऊ द्या. "हे स्कीममध्येच आहे" असं सांगून त्या कर्जाच्या रकमेत घालतात आणि हप्ता शंभर-दीडशेनं वाढतो. नको असेल तर स्पष्ट सांगायचं: "हे काढून हप्ता सांगा." काढल्यावर कर्ज मंजूर होणार नाही असं उत्तर आलं, तर तो विमाही कर्जाचा खर्चच समजा आणि जादा रकमेत मिळवा.

तिसरी चूक: की फॅक्ट स्टेटमेंटमधला दर अंतिम समजणं

ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र सांगणारा कागद, देणं सक्तीचं आहे, आणि त्यात फीसकट वार्षिक दर लिहावा लागतो. तो कागद मागाच. सह्या आणि ओटीपी होण्याआधी वाचा, कारण ज्या फीची कुणी तोंडानं वाच्यता केली नाही ती त्यात सापडते. पण त्या दराला एक मर्यादा आहे. फायनान्स कंपनीला फक्त तिनं दिलेलं कर्ज ठाऊक असतं. दुकानदार रोखीला दीड हजार सोडत होता, हे त्या कागदावर येत नाही. कागद नगण्य दर दाखवेल आणि तरी तुमचा दर २० टक्के असेल. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांना तर हा कागदाचा नियम लागूच नाही.

चौथी चूक: ऑनलाइन घेताना स्टेटमेंट आल्यावर जागं होणं

"नो कॉस्ट म्हणाले होते, मग कार्डाच्या बिलात व्याज कसं?" हा प्रश्न हमखास येतो. फसवणूकच असेल असं नाही, रचनाच तशी असते. समजा फोन ३०,००० चा, सहा हप्ते, आणि बँकेचा दर १६ टक्के. साइट तुम्हाला सुरुवातीलाच सुमारे १,३५२ रुपयांची सूट देते. ऑर्डरच्या तपशिलात ती `No Cost EMI Discount` किंवा तत्सम नावानं दिसते. बँक मग २८,६४८ रुपयांचं कर्ज धरते आणि त्यावर रीतसर व्याज लावते. सहा महिन्यांचं ते व्याज १,३५२ च होतं, म्हणून मुद्दल आणि व्याज मिळून बरोबर तीस हजार.

गोम आहे ती जीएसटीत. क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो सूट देताना सहसा धरलेला नसतो. पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये मुद्दल ४,६१८, व्याज ३८२ आणि त्या व्याजावर जीएसटी ६९ असं दिसेल. पुढं व्याज घटतं तसा जीएसटीही घटतो. सहा महिन्यांत तो २४३ रुपये होतो. फीचे २३५ मिळवले की नो कॉस्ट फोनची किंमत ४७८ रुपयांनी वाढलेली असते. हे अजून परवडणारं आहे. पण त्याच कार्डावर पूर्ण पैसे भरल्यास दीड हजारांची झटपट सूट मिळत असेल आणि नो कॉस्ट निवडल्यावर ती गायब होत असेल, तर तेही तुमच्या जादा रकमेत धरा. काही ऑफरमध्ये दोन्ही मिळतात. म्हणून पैसे भरण्याच्या पानावर दोन्ही पर्याय निवडून शेवटचा आकडा बघायचा आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवायचे.

स्टेटमेंट तपासायची रीत सोपी आहे. सगळ्या हप्त्यांतल्या व्याजाची बेरीज सुरुवातीच्या सुटीइतकी येते का बघा. दोन-चार रुपये इकडंतिकडं होतील. बेरीज बरीच जास्त आली, किंवा ऑर्डरच्या तपशिलात सूटच दिसत नसेल, तर नो कॉस्ट लागू झालेलं नाही, साधा ईएमआय लागला आहे. अशा वेळी फोन परत करायच्या मुदतीतच साइटकडं आणि बँकेकडं लेखी तक्रार करा.

खरंच फुकट कधी असतं?

असतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नवं मॉडेल बाजारात आल्यावर बऱ्याचदा कंपनी व्याजाचा भार स्वतः उचलते. तेव्हा तीन-चार ठिकाणी विचारूनही रोखीचा भाव ३०,००० च राहतो. मग जादा फक्त फीचे २३५, आणि आडाख्यानं दर येतो पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. अशा वेळी खात्यात पैसे असले तरी हप्ते घेणं शहाणपणाचं आहे. मात्र शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि एखादी साइट अशा निदान तीन जागी भाव काढल्याशिवाय "रोखीला काही कमी होत नाही" हे मान्य करू नका.

आणि हप्ते आधीच सुरू झाले असतील तर? लगेच सगळं फेडून टाकायची घाई करू नका. व्याज किमतीत मिसळलेलं असेल तर मुदतीआधी कर्ज फेडून ते परत येत नाही, उलट मुदतपूर्व बंद करण्याचा आकार आणि त्यावर जीएसटी लागू शकतो. कार्डावरच्या हप्त्यांत पुढचं व्याज वाचेल, पण तो आकार त्याहून जास्त आहे का हे आधी बँकेला विचारा. सांगितलं नव्हतं असं शुल्क कापलं गेलं असेल, तर आधी बँकेकडं किंवा फायनान्स कंपनीकडं लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं मोफत तक्रार करता येते. दुकानदाराच्या बिलाचा किंवा भावाचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.