शेवगा : डिंक खोडावर आहे की शेंगेवर, ते आधी पाहा

पावसाळा ओसरायला लागला की शेवग्यावर फुलं आणि कोवळ्या शेंगा एकदमच दिसू लागतात. त्याच सुमारास "झाडाला डिंक सुटलाय, काय मारू?" अशी विचारणाही सुरू होते. औषध विचारण्याआधी डिंक कुठे आहे ते बघा. खोडावरचा डिंक आणि शेंगेवरचा डिंक यांची कारणं वेगळी असतात, उपायही वेगळे.

सिन्नरकडच्या एका बांधावरच्या ओळीत दोन्ही प्रकार एकाच वेळी होते. शेतकऱ्याने द्राक्षासाठी आणलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक सगळ्या झाडांवर फवारलं, पण शेंगांचा डिंक थांबला नाही. शेंडा सुकलेली एक शेंग उभी चिरली, तर आत पांढुरक्या बारीक अळ्या वळवळत होत्या. ही शेंगमाशी. ती कोवळ्या शेंगेच्या खाचेत अंडी घालते, अळी आत शिरते, छिद्रातून चिकट डिंक येतो आणि शेंग टोकाकडून वाळत, कुजत जाते. बुरशीनाशकाचा इथे काही संबंध नाही.

अशा शेंगा झाडावरच्या आणि खाली पडलेल्या, दोन्ही वेचून खोल पुरा. बांधावर टाकल्या तर माशी तिथूनच परत येते. तिचे कोष मातीत असतात, म्हणून झाडाखालची माती हलकी चाळून उन्हाला उघडी करा. निम्म्या फुलांची शेंग धरली की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा आणि साधारण ३५ दिवसांनी पुन्हा एकदा. अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि पाणी घालून १०० लिटर करा. शेवग्याचा पाला आणि शेंग दोन्ही आपण खातो, त्यामुळे लेबलवर शेवग्याचं नाव नसलेलं कीटकनाशक दुकानदाराच्या सांगण्यावरून मारू नका.

आता खोडाकडे या. या दिवसांत केसाळ सुरवंट दिवसभर खोडावर दाटीवाटीने बसलेले दिसतात. रात्री वर चढून पाला फस्त करतात आणि सालही खरवडतात. दिवसा ते एका जागी गोळा झालेले असतात, तीच आपली संधी. पलिता लावून जाळण्याची पद्धत जुनी आहे, पण शेवग्याची साल मऊ आणि रसाळ असल्याने मी ती टाळायला सांगतो. साल भाजली की नवी जखम झालीच. फिश ऑइल रोझिन साबण लिटरला २५ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात विरघळवून थेट त्या घोळक्यावर फवारा. मग हातमोजे घालून, वारा पाठीवर घेऊन, मेलेले सुरवंट गोणपाटाने खाली पाडा आणि पुरून टाका. त्यांचे केस अंगाला लागले की खाज सुटते, म्हणून मुलांना लांब ठेवा. पानांवर अंड्यांचे पुंजके दिसले तर ती पानं तेव्हाच तोडा.

खोडावर डिंक असेल तर त्याखाली काय आहे ते शोधा. जाळी आणि भुश्श्याची नळी दिसली तर साल खाणारी अळी आहे. जाळी झाडून काढा, छिद्रात तार घालून अळी मारा आणि छिद्र चिखलाने बुजवा. छिद्र नसेल तर कारण बहुधा कोयत्याचा घाव, मोडलेली फांदी किंवा बुंध्याशी साचलेलं पाणी असतं. निफाडच्या काळ्या रानात तर पाणी काढून दिल्याशिवाय पुढचा सगळा उपचार वाया जातो. पाऊस उघडलेला दिवस बघून डिंक खरवडा, तपकिरी पडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत तासा आणि बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी पातं बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी लागेल.

खोडावरच्या बऱ्याच जखमा आपणच तोडणीत करतो. शेंग हिसकली की देठाबरोबर सालीची पट्टी सोलून येते. म्हणून कात्री वापरा, उंचावर बांबूला बांधलेली आकडी.

तोडायची कधी, हे लांबीवरून ठरवू नका. पीकेएम-१ ची शेंग दोन फूट भरली तरी कोवळी असू शकते आणि बांधावरच्या गावरान झाडाची आखूड शेंगही जून निघते. शेंग करंगळीपेक्षा थोडी जाड झाली की प्रत्येक झाडाची एकेक मधोमध मोडून पाहा. कट् आवाज करून तुटली, धागे लोंबले नाहीत आणि आतलं बी नखाने चिरडलं, तर तोडणीला लागा. बाहेरून बियांचे उंचवटे दिसायला लागले, धारा टोकदार झाल्या, की शेंग चोथट होते आणि एका जुन्या शेंगेमुळे व्यापारी अख्ख्या जुडीचा भाव पाडतो. फुलं टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून दोन-तीन दिवसांआड फेरी घाला. तोडणी सकाळी करा, डिंक लागलेल्या शेंगा बाजूला काढा आणि जुड्या सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळूनच गाडीत भरा.