डिग्रीचं ग्रेडियन करताना ३६ सेंटिमीटर कुठे गेले

चोपड्याजवळ केळीच्या शेताची हद्द आखत होतो, भाड्याने आणलेलं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, ग्रेडियनवर सेट होतं, ज्यात काटकोन ९० अंशांऐवजी १०० ग्रेडियनचा असतो, आणि माझ्या नकाशात कोन ६७ अंश ३० मिनिटं ३६ सेकंद. मी घाईत ६७.३०३६ ला १० ने गुणून ९ ने भागलं, ७४.७८१८ आलं, तोच लावला तर १०० मीटरवरची खुंटी जुन्या दगडापासून ३६ सेंटिमीटर बाजूला! शेतकरी काका म्हणाले, भाऊ, दगड तर हललेला नाही.

मग कळलं, मिनिटं-सेकंद आधी दशांशात करायला हवे होते. ३० भागिले ६० म्हणजे ०.५, ३६ भागिले ३६०० म्हणजे ०.०१, म्हणजे कोन ६७.५१ अंश, त्याचे ७५.०१११ ग्रेडियन. तो लावला, खुंटी बरोबर दगडावर.